फोटो खरा, पण तो आला कुठून?

उलटतपासणीत समोरचे वकील फोटोतल्या भेगेबद्दल फारसं विचारत नाहीत. ते विचारतात, फोटो कोणत्या मोबाइलवर काढला, तो मोबाइल आज कुठे आहे, त्यातून फोटो बाहेर कुणी काढला, तो पेन ड्राइव्ह मधले आठ महिने कुणाच्या कपाटात होता आणि कोर्टात दिलेली ही प्रिंट नेमकी कोणत्या फाइलवरून मारली. साक्षीदाराने भिंत झुकलेली स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली असते, तरीही तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला तो अडखळतो. ‘मुलाने काढून दिलं’, ‘झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲप केलं होतं’, ‘आता नक्की आठवत नाही’. एवढ्याने फोटो खोटा ठरत नाही, पण त्याच्यावर भिस्त ठेवणं न्यायाधीशांना अवघड होऊन बसतं.

पुराव्याची वस्तू हाती आल्यापासून न्यायालयात पोहोचेपर्यंत कुणाकडे होती, कशी ठेवली होती आणि तिचं काय काय केलं, याच्या सलग नोंदीला पोलीस आणि वकील ‘चेन ऑफ कस्टडी’ म्हणतात. रक्ताने माखलेला कोयता असेल तर ही साखळी डोळ्यांना दिसते. पंचनामा होतो, कोयता पाकिटात जातो, त्यावर पंचांच्या सह्या आणि लाखेचं सील पडतं, मुद्देमाल रजिस्टरला नोंद होते. फोटोच्या फाइलला पाकीट नसतं. ती एकाच वेळी चार ठिकाणी असू शकते, बदलली तरी वरून तशीच दिसते आणि कुणीही वाईट हेतू न ठेवता, नुसत्या हाताळण्याने बदलू शकते. म्हणून तिची साखळी मुद्दाम बांधावी लागते.

हे प्रकरण किती लांबू शकतं, याचं ठळक उदाहरण जालन्याचं आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. पराभूत उमेदवार कैलास गोरंट्याल यांचा आक्षेप असा, की खोतकरांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी ३ वाजेपर्यंतच्या मुदतीनंतर दाखल झाला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात व्हिडिओ कॅमेरे लावलेले होते. म्हणजे प्रश्न घड्याळाचा होता आणि त्याचं उत्तर चित्रीकरणात होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशावरून चित्रीकरणाच्या सीडी आल्या, पण त्या मूळ चित्रीकरणाच्या नकला होत्या आणि तेव्हाच्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब प्रमाणे लागणारं प्रमाणपत्र त्यांच्यासोबत नव्हतं. वारंवार मागूनही ते संबंधित अधिकाऱ्यांनी दिलं नाही. २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली. पुढे सर्वोच्च न्यायालयात १४ जुलै २०२० रोजी न्या. रोहिंटन नरिमन यांच्या अध्यक्षतेखालील तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सगळ्या देशासाठी नियम स्पष्ट केला. मूळ उपकरण त्याच्या मालकाने साक्षीच्या पिंजऱ्यात येऊन हजर केलं, तर प्रमाणपत्र लागत नाही. नक्कल दाखल करायची असेल तर प्रमाणपत्र हवंच, तोंडी साक्षीने ती उणीव भरून निघत नाही. ते देण्याचा अधिकार असलेला माणूस देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून मागावं. गोरंट्याल यांनी मिळवण्यासाठी होते तेवढे प्रयत्न केले होते, म्हणून त्यांना त्या अटीतून मोकळीक मिळाली आणि उच्च न्यायालयाचा निकाल कायम राहिला. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंत पावणेसहा वर्षं गेली आणि तोपर्यंत २०१९ची निवडणूकही होऊन गेली होती.

१ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला. त्याच्या कलम ६३ मध्ये हे प्रमाणपत्र आहे आणि आता त्याचा ठरावीक नमुनाही कायद्याच्या परिशिष्टात दिला आहे. नमुन्याचे दोन भाग आहेत. भाग ‘अ’ फाइल दाखल करणाऱ्याने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. उपकरणाची कंपनी, मॉडेल, रंग, सीरियल नंबर, आयएमईआय क्रमांक हे सगळं त्यात लिहावं लागतं आणि दोन्ही भागांत फाइलची ‘हॅश व्हॅल्यू’ द्यावी लागते. सामान्य माणसाने या नमुन्यातली कोणती एकच गोष्ट नीट समजून घ्यायची असेल, तर ती हॅश.

फाइल म्हणजे शेवटी आकड्यांची लांबलचक माळ. ती माळ एका ठरावीक गणिती प्रक्रियेतून घातली, की शेवटी छोटासा उतारा मिळतो. एसएचए-२५६ या पद्धतीत तो ६४ अक्षरांचा असतो. फाइल तीच असेल, तर जगातल्या कोणत्याही संगणकावर, दहा वर्षांनीही, तीच ६४ अक्षरं येतात. फोटोतल्या एका ठिपक्याचा रंग किंचित बदलला तरी उतारा पूर्णपणे वेगळा येतो. उताऱ्यावरून फोटो परत तयार करता येत नाही, त्यामुळे तो कुणालाही बिनधास्त देता येतो. विंडोजच्या संगणकावर यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. फोटोच्या फोल्डरमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून एवढं टाइप करायचं:

```
certutil -hashfile IMG_20250614_074215.jpg SHA256
```

कायद्याच्या नमुन्यात एमडी५ आणि एसएचए-१ हेही पर्याय छापलेले आहेत. ते वापरू नयेत. मुद्दाम घडवलेल्या दोन वेगळ्या फाइलींची एमडी५ एकच येऊ शकते, हे २००४ मध्येच दाखवून झालं आणि एसएचए-१ बाबत तेच २०१७ मध्ये गूगल आणि ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय संस्थेने करून दाखवलं. २५६ उपलब्ध असताना समोरच्या वकिलांना हा मुद्दा आयता कशाला द्यायचा?

आता एक प्रसंग घेऊ. तो कल्पित आहे, पण पुण्यात किंवा ठाण्यात कुणीही ओळखेल असा. गृहनिर्माण सोसायटीच्या शेजारच्या प्लॉटवर तळघरासाठी खोदकाम चालू आहे. १३ जूनच्या रात्री मोठा पाऊस होतो आणि सकाळी कंपाउंडची भिंत खड्ड्याकडे झुकलेली दिसते. सोसायटीचे सचिव पावणेआठच्या सुमारास खाली उतरतात आणि मोबाइलवर १८ फोटो काढतात. काही लांबून, काही मध्यम अंतरावरून आणि चार-पाच अगदी भेगेजवळून, शेजारी स्टीलची पट्टी धरून. इथपर्यंत त्यांचं काहीच चुकलेलं नाही. पट्टी धरणं तर फार शहाणपणाचं, कारण पट्टीशिवाय भेग दोन मिलिमीटरची की वीस, हे फोटोवरून सांगता येत नाही.

बिघाड पुढच्या पाच मिनिटांत होतो. सचिव त्यातले बरे सात फोटो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतात आणि अंधूक आलेले तीन लगेच पुसून टाकतात. जानेवारीत मोबाइल भरला म्हणून गॅलरी साफ होते. फेब्रुवारीत वकिलांनी फोटो मागितल्यावर ग्रुपमधून खाली उतरवलेले फोटो त्यांना जातात. मोबाइलने चार हजार ठिपके रुंदीचा काढलेला फोटो व्हॉट्सॲपने पाठवताना आकसून साधारण सोळाशे ठिपक्यांवर आणलेला असतो. पट्टीवरच्या मिलिमीटरच्या रेघा एकमेकींत मिसळलेल्या असतात, म्हणजे ज्यासाठी पट्टी धरली तेच गेलं. फाइलचं नाव बदलून `IMG-20250614-WA0012.jpg` असं झालेलं असतं. त्यातला `WA` पाहूनच समोरच्या वकिलांना कळतं, की ही कॅमेऱ्यातली फाइल नाही. कॅमेरा फोटोच्या पोटात जी माहिती लिहून ठेवतो, म्हणजे मोबाइलचं मॉडेल, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, तीही या प्रवासात गळून पडते. हॅश अर्थातच वेगळी. आणि पुसलेल्या तीन फोटोंमुळे सलग क्रमात फटी पडलेल्या असतात. त्या फटींमध्ये काय होतं, असा प्रश्न येतोच आणि ‘अंधूक होते’ हे उत्तर खरं असूनही लंगडं वाटतं.

हीच सकाळ नीट कशी हाताळता आली असती? सचिवांनी अंधूक फोटोंसकट सगळे अठराच्या अठरा फोटो मोबाइलमध्ये तसेच राहू द्यायचे. ते तिरके असले तरी फिरवायचे नाहीत, कापायचे नाहीत, उजळ करायचे नाहीत. ग्रुपवर फोटो टाकायला हरकत नाही. ग्रुपवरची प्रत ही पुराव्याची प्रत नाही, एवढं लक्षात ठेवायचं. त्याच दिवशी, शक्यतो दुपारच्या आत, केबल लावून अठरा फाइली लॅपटॉपवर घ्यायच्या. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये ‘कीप ओरिजिनल्स’ निवडलेलं आहे ना, ते आधी पाहायचं. नाही तर तो संगणकावर देताना आपणहून फाइलचा प्रकार बदलून देऊ शकतो. गूगल फोटोजवर बॅकअप असेल तर तिथेही ‘ओरिजिनल क्वालिटी’ हवी, जागा वाचवणारा पर्याय फोटो पुन्हा दाबतो. केबल नसेल तर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवली तर ती जशीच्या तशी पोहोचते, पण केबलला पर्याय शोधायची वेळ सहसा येत नाही.

मग सगळ्या फाइलींची हॅश एकदम काढायची. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ते एका ओळीत होतं:

```
Get-FileHash *.jpg -Algorithm SHA256 | Format-List > hash.txt
```

`hash.txt` मध्ये अठरा नोंदी येतात. ती छोटी फाइल सचिवांनी त्याच दिवशी अध्यक्षांना आणि वकिलांना ईमेल करायची आणि छापून तिच्यावर तारीख, वेळ घालून स्वतःची व शेजारी हजर असलेल्या एका सभासदाची सही घ्यायची. माझ्या मते या सगळ्या खटाटोपात हीच पायरी सर्वांत मोलाची आहे आणि नेमकी हीच लोक गाळतात. कारण हॅशची एक मर्यादा आहे. हॅश काढल्यानंतर फाइल बदललेली नाही, एवढंच ती सांगते. त्याआधी काय झालं, याबद्दल ती मूक असते. १४ जूनच्या फोटोची हॅश कुणी १० फेब्रुवारीला काढली, तर मधल्या आठ महिन्यांची हमी ती देत नाही. हॅश त्याच दिवशी तिसऱ्या माणसाच्या मेलबॉक्समध्ये पडली असेल, तर शंका घ्यायला फक्त पावणेआठ ते दुपार एवढीच जागा उरते आणि तेवढ्या वेळाबद्दल सचिव शपथेवर बोलू शकतात. फोटोत दिसतं ते खरं आहे का, हे शेवटी माणसाच्या साक्षीनेच सिद्ध होतं.

फोटोच्या पोटातल्या वेळेवर पुष्कळांचा आंधळा विश्वास असतो. ती वेळ मोबाइलच्या घड्याळाची असते आणि फुकट मिळणाऱ्या साधनांनी कुणीही बदलू शकतो. तरी ती तपासायची एक चांगली रीत आहे. लोकेशन चालू असेल तर बऱ्याच मोबाइलांत उपग्रहाकडून आलेली वेळही वेगळी नोंदली जाते आणि ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तासांनी मागे असते. सकाळी ७ वाजून ४२ मिनिटांच्या फोटोत उपग्रहाची वेळ २ वाजून १२ मिनिटांच्या आसपास दिसली, तर दोन्ही जुळतात. हे माहीत नसलेला माणूस मात्र तीच वेळ पाहून ‘फोटो मध्यरात्री काढलाय’ म्हणून गोंधळ घालतो. तसाच घोळ विंडोजमधल्या तारखांचा. फाइल नव्या जागी कॉपी केली की तिची ‘क्रिएटेड’ तारीख कॉपी केल्याची पडते आणि ‘मॉडिफाइड’ जुनीच राहते. म्हणजे फाइल जन्मण्याआधीच बदलली, असं दिसतं. यात काहीही काळंबेरं नाही. पण कॉपी केल्याची वेळ वहीत लिहिलेली असेल, तर हे एका वाक्यात समजावता येतं आणि नसेल तर अर्धा तास जातो.

ही वही म्हणजेच प्रत्यक्षातली साखळी. त्यासाठी सॉफ्टवेअर नको, पानांवर क्रमांक असलेली साधी बांधीव वही बरी, कारण तिच्यातलं पान निघून गेलं तर कळतं. आमच्या सचिवांच्या वहीतली पहिली नोंद साधारण अशी असेल: ‘१४ जून २०२५, सकाळी ११.२०. माझ्या मोबाइलमधून (आयएमईआय क्रमांक अमुक) १८ फोटो केबलने सोसायटी कार्यालयाच्या लॅपटॉपवर घेतले. फाइली `IMG_20250614_074215` ते `IMG_20250614_075103`. हॅश काढून यादी छापली. हजर: मी आणि खजिनदार.’ खाली दोघांच्या सह्या. दुसरी नोंद: ‘११.५०. याच १८ फाइली दोन नव्या पेन ड्राइव्हवर कॉपी केल्या. दोन्हींवर पुन्हा हॅश काढली, यादीशी जुळली. एक पाकिटात घालून चिकटवला, जोडावर सह्या, कार्यालयाच्या तिजोरीत ठेवला. दुसरा अध्यक्षांना दिला.’ तिसरी नोंद कदाचित तीन महिन्यांनी येईल, पाकीट उघडताना. कुणी उघडलं, कशासाठी, किती वेळ आणि परत कसं बंद केलं.

नोंद त्याच वेळी करायची, नंतर आठवून नाही. चूक झाली तर एका रेघेने खोडून वर बरोबर लिहायचं, शेजारी सही आणि तारीख घालायची. पांढऱ्या शाईने झाकायचं नाही. आणि साखळीत खरोखरच खंड पडला असेल, म्हणजे पेन ड्राइव्ह चार दिवस कुणाच्या टेबलावर पडून होता हे उशिरा लक्षात आलं असेल, तर तेही तसंच लिहायचं. लगेच हॅश काढून ती जुळते हेही लिहायचं. उघडपणे लिहिलेला खंड हॅशने सांधता येतो. मागच्या तारखेने भरलेली एक खोटी ओळ सापडली, तर सगळी वहीच बाद होते.

वकिलांना फोटोवर बाण काढायचे असतात, भेग मोठी करून दाखवायची असते, अंधारा भाग उजळायचा असतो. हे सगळं करता येतं, पण कामाच्या वेगळ्या प्रतीवर. त्या फोल्डरचं नावच ‘कामाची प्रत’ असं ठेवावं आणि प्रत्येक बदललेल्या फोटोला मूळ फाइलचं नाव कायम ठेवून पुढे शेपूट जोडावं, उदाहरणार्थ `IMG_20250614_074215_baan.jpg`. नाव बदलल्याने हॅश बदलत नाही, कारण नाव फाइलच्या आत नसतंच. पण बाण काढून साठवलं, की ती वेगळी फाइल झाली. न्यायालयात बाणाचा फोटो आणि मूळ फोटो शेजारी शेजारी दिले आणि काय केलं ते सांगितलं, तर हरकतीला फारसा वाव राहत नाही.

पोलीस तपासात तत्त्व हेच असतं, शिस्त मात्र जास्त कडक. जप्त केलेला मोबाइल किंवा मेमरी कार्ड प्रयोगशाळेत गेलं, की तज्ज्ञ त्याला ‘राइट ब्लॉकर’ नावाच्या उपकरणातून जोडतात किंवा त्यावर काही लिहिलं जाणार नाही अशी अन्य व्यवस्था करतात. संपूर्ण साठ्याची हुबेहूब प्रतिमा घेतात, तिची हॅश नोंदवतात आणि पुढचं काम प्रतिमेवरच करतात. मूळ वस्तू पुन्हा सीलबंद होते. यात अडचण येते ती जप्ती आणि प्रयोगशाळा यांच्या मधल्या दिवसांत. ठाण्यात कुणी उत्सुकतेने मोबाइल चालू करून गॅलरी चाळली, तर मोबाइलच्या आतल्या नोंदींवर जप्तीनंतरच्या तारखा उमटतात आणि बचाव पक्षाचे वकील नेमक्या त्याच शोधत असतात.

आपल्या सचिवांच्या मोबाइलचं काय? खटला चालू असेपर्यंत तो एक्सचेंजमध्ये देऊ नये, हे सगळ्यांत बरं. तो बिघडला आणि दुरुस्तीवाल्याने ‘सगळं पुसावं लागेल’ म्हटलं, तर पुसण्याआधी त्यातल्या अठरा फाइली एकदा पुन्हा कॉपी करून हॅश यादीशी जुळवावी, दुसऱ्याच्या सहीने नोंद करावी आणि दुरुस्तीची पावती वहीत चिकटवावी. मूळ उपकरण दाखवण्याचा रस्ता मग बंद होतो, पण प्रमाणपत्रासह नक्कल दाखल करण्याचा रस्ता मोकळा राहतो. भाग ‘अ’ मध्ये सचिव ज्या फाइलची हॅश लिहितील, तीच भाग ‘ब’ मध्ये तज्ज्ञाला मिळायला हवी. मधल्या काळात कुणी तो फोटो संगणकावर नुसता सरळ फिरवून साठवला असेल, तर दोन भागांत दोन वेगळ्या हॅश येतात आणि ते प्रमाणपत्र स्वतःलाच खोटं पाडतं.

दिवाणी दावे वर्षानुवर्षं चालतात आणि पेन ड्राइव्ह तिजोरीत नुसता पडूनही खराब होऊ शकतो. म्हणून वर्षातून एकदा, समजा सोसायटीच्या वार्षिक सभेच्या आठवड्यात, दोन्ही प्रतींची हॅश पुन्हा काढून पहिल्या यादीशी ताडायची आणि नोंद करायची. एका प्रतीतली एखादी फाइल जुळली नाही, तर घाबरून ती प्रत फेकून द्यायची नाही. तिच्यावर ‘सदोष, अमुक तारखेला आढळली’ अशी चिठ्ठी लावून ती तशीच बाजूला ठेवायची. जुळणाऱ्या प्रतीवरून नव्या ड्राइव्हवर तिसरी काढायची आणि तिचीही हॅश जुळल्यावरच वहीत सही करायची.